मिठाच्या मुलखात मीठ संपलं

पुंडलिकला लोक ‘मुडदेवाला’ म्हणतात. म्हणणाऱ्यांच्या जिभेला हाड नसतं. मी त्याला चौदा वर्षं ओळखते. पेण-रोहा पट्ट्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मी औषधांचं भांडार सांभाळते आणि तो शवविच्छेदनगृहात मदतनीस आहे. कुठलं रुग्णालय ते विचारू नका, सांगणार नाही.

पुंडलिक मिठागरावरच्या घरातला. शिक्षण सातवी. पण संशयास्पद मृत्यूत जठर, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड बरणीत घालून तपासणीला पाठवायचं, तर ते कुजू नये म्हणून मिठाचं पाणी कसं असावं, हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. तो मीठ घालत राहतो, ढवळत राहतो, तळाला मीठ विरघळेनासं झालं की थांबतो. “पानी पोटभर जेवला, आता काय खानार नाय,” म्हणतो. मग त्याच पाण्याची एक छोटी बाटली वेगळी भरतो. तिच्यात अवयव नसतात, नुसतं पाणी. नवे डॉक्टर हसतात, ही कशाला म्हणून. तो सांगतो, “उद्या कोन म्हनला, विष पान्यातच होता, तर काय दावशील?”

एका मार्चात आमच्याकडचं मीठ संपलं. हो, मीठ! खाडीपलीकडे ढीगच्या ढीग पडलेत आणि आमच्याकडे चिमूटभर नाही. मी तीनदा मागणी लिहिली. तिन्ही वेळा वरून शेरा आला: ‘मीठ औषधांच्या यादीत नाही.’ असा संताप आला, की त्या कागदाचा बोळा करून फेकला. मग दुसरा काढून चौथ्यांदा लिहिलं. काय करणार?

त्याच आठवड्यात प्रणितचं प्रेत आलं. वय सव्वीस, रोह्याकडच्या एका कंपनीत ठेकेदाराचा कामगार. टाकी साफ करायला उतरला आणि वर आला तो चौघांच्या खांद्यावर. सुपरवायझरने जबाब दिला, पिऊन आला होता, तोल गेला. त्याची आई बायजाबाई विच्छेदनगृहाच्या पायरीवर बसून एकच म्हणत होती, “माजा पोरगा थेंब नाय घेत गो.”

डॉ. यज्ञेश नवीनच आलेले. मीठ नाही हे कळल्यावर म्हणाले, “स्पिरिट ओता.” पुंडलिक म्हणाला, “साहेब, दारूचा संशय हाय. स्पिरिट पन दारूच, ते नको. वडखळला दुकान हाय, तासाभरात मीठ आनतो.” डॉक्टरांना पुढे ओपीडी होती. “ओत म्हटलं ना!” भांडारातून दोन लिटर स्पिरिट मीच दिलं. वहीत सही माझीच आहे. त्या वेळी मी एक अक्षर बोलले नाही, हे लिहिताना अजून तोंड कडू होतं.

पुंडलिकने निमूट ओतलं. पण त्याच स्पिरिटची छोटी बाटली भरली, लाखेचं सील लावलं. मांडीच्या शिरेतलं रक्त डॉक्टरांकडून फ्लोराइडच्या बाटलीत घेववलं, म्हणजे ते आंबून त्यात आपोआप दारू तयार होत नाही. दोन बरण्या, एक रक्त, एक छोटी बाटली, असे चार नग. नग न्यायला आलेल्या हवालदाराची आपल्या वहीत सही घेतली. एकच गोष्ट राहिली. सोबतच्या छापील अर्जावर ‘मिठाच्या संपृक्त द्रावणात’ असं आधीच छापलेलं असतं. ते कोणी खोडलंच नाही.

तीन महिन्यांनी बरण्यांचा अहवाल आला. रक्ताचा वेगळ्या विभागातून यायचा होता. बरण्यांच्या अहवालात लिहिलं होतं: इथाइल अल्कोहोल आढळले. झालं! पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी प्रकरण मिटवायला घेतलं. गावात बोंब झाली. बायजाबाई नळावर गेली की बायका गप्प व्हायच्या. एक दिवस ती आमच्याकडे आली. रडली नाही, भांडली. “मेला तो मेला. दारुडा कोनी केला त्याला? तुमच्या बरनीनं?”

पुंडलिक माझ्याकडे अहवालाची प्रत घेऊन आला. “वाचा, सगळा वाचा.”

वाचलं. जठरात, यकृतात, मूत्रपिंडात, सगळीकडे शंभर ग्रॅमला हजारो मिलिग्रॅम अल्कोहोल.

“आनि मानूस कितीला मरतो?”

“रक्तात चारशे-पाचशेच्या पुढे गेलं की बहुतेक मरतोच.”

“मग हा हजारो पिऊन शिडी उतरला कसा? कंपनीच्या गेटातून चालत आत गेला कसा?” त्याचा आवाज चढला. “शेवटची ओळ वाचा.”

शेवटची ओळ बारीक होती: ‘परिरक्षकाचा वेगळा नमुना प्राप्त झाला नाही.’ बरणीत ओतलेलं पाणी नुसतं वेगळं पाठवतात तो नमुना. म्हणजे पुंडलिकची छोटी बाटली! प्रयोगशाळेला ती मिळालीच नव्हती आणि ती ओळ एकाही शहाण्याने वाचली नव्हती.

आम्ही दोघं डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “आता उकरून काढलं तर माझीच चूक बाहेर येईल.”

“येऊ द्या!” पुंडलिक टेबलावर हात आपटून ओरडला. चौदा वर्षांत त्याला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं. “तुमची नोकरी जानार नाय, शेरा लागंल. त्या बायजाबाईच्या पोराच्या कपाळावर शेरा लागलाय, तो कोन पुसंल? मी मेल्यांची कामं करतो, साहेब. मेलेल्यावर खोटा आळ नाय टाकत.”

मी स्पिरिटची वही त्यांच्यासमोर उघडी ठेवली. तारीख, दोन लिटर, माझी सही. “माझी चूक मी लिहून देते. तुमची तुम्ही द्या.”

डॉक्टरांनी वहीतली सही पाहिली. मग कागद ओढला आणि लिहिलं.

बाटली कुठे होती? पोलीस ठाण्याच्या मुद्देमालाच्या कपाटात! चौथा नग ‘रिकामं पाणी’ म्हणून हवालदाराने ठेवून दिला होता. तळपायाची आग मस्तकात गेली. पण लाखेचं सील जसंच्या तसं होतं, आणि पुंडलिकच्या वहीत त्याच हवालदाराची चार नगांची सही होती. त्याला बाटली काढून द्यावीच लागली.

बाटली प्रयोगशाळेत गेली. पाच आठवड्यांनी उत्तर आलं: बाटलीतला द्रव म्हणजे नुसतं स्पिरिट. त्याच टपालात रक्ताचाही अहवाल आला: अल्कोहोल आढळले नाही. बरण्यांत सापडलेली दारू प्रणितने प्यायलेलीच नव्हती, आम्हीच ओतली होती. डॉक्टरांनी तसं मत लेखी दिलं. टाकीत वायू होता का, उतरण्याआधी तो कोणी मोजला होता का, मास्क दिला होता का, हे प्रश्न पोलिसांना मग कंपनीला विचारावेच लागले. पहिल्या दिवशी का नाही विचारले? बरणीत दारू सापडली की डोकं चालवायचं काम संपतं ना!

दोन्ही अहवाल बायजाबाईला मीच वाचून दाखवले. तिने विचारलं, “म्हंजे नाय प्यायला?”

“नाही प्यायला.”

“ह्ये मी पयल्या दिवशी बोल्ले व्हते,” ती म्हणाली आणि उठून गेली. मला खाली बघावं लागलं.

चार दिवसांनी ती परत आली. डोक्यावर गोण, मिठागरावरच्या मिठाची. विच्छेदनगृहाच्या पायरीवर ती दणकन टाकली. “घ्या. परत कोनाच्या पोराच्या वेली मीठ नाय बोलू नका.”

मी म्हणणार होते की असं बाहेरचं मीठ घेता येत नाही, नियम आहे. तेवढ्यात पुंडलिकने गोण खांद्यावर घेतली, आत ठेवली आणि एक स्वच्छ बाटली काढली.

“म्याडम,” तो म्हणाला, “ह्या मिठाचापन नमुना पाठवायचा. अर्ज लिवा.”

मी अर्ज लिहायला घेतला. छापील ओळ आधी वाचली.