‘आय्तु’ म्हणजे झालं का?

नोकरी सोडायच्या नोटिशीचे शेवटचे चार दिवस उरले होते. म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीत, गाड्यांसाठी वायरचे जुडगे बांधणाऱ्या वायर हार्नेसच्या कारखान्यात ईआरपी, म्हणजे साठ्या-हिशोबाची संगणक सिस्टिम, बसवायचं काम अर्ध्यावर टाकून मी निघालो होतो. हँडओव्हरच्या पत्रावर तिथल्या प्रोजेक्ट मॅनेजरची सही झाल्याशिवाय आमची कंपनी मला मोकळं करणार नव्हती. बाई आमच्यासारख्याच, म्हैसूरच्या जुन्या मराठी घरातल्या. मीटिंगमध्ये मॅडम, एरवी अक्का.

पत्र भराभर लिहीत गेलो आणि एका ओळीवर अडकलो. वायर कारखान्यात येते किलोनं, वापरली जाते मीटरनं. एका किलोत किती मीटर, हे प्रत्येक जाडीचं प्रमाण मी सिस्टिममध्ये भरलं होतं आणि पुढे ‘स्टोअरकडून तपासलं’ असं लिहिलं होतं. पुरावा जोडायला गेलो तर सहीचा कागदच नाही. मग आठवलं. स्टोअरकीपरना मी फोनवर विचारलं होतं, तपासणार ना? ते म्हणाले होते, ‘आय्तु.’ आता कन्नडात आय्तु म्हणजे झालं, आणि आय्तु म्हणजे बरं, बघतो. जन्म म्हैसुरात गेला माझा, तरी मी गाढवासारखा ‘झालं’ असा अर्थ लावून मोकळा झालो होतो.

सोमवारी सुरुवातीचा साठा सिस्टिममध्ये चढणार होता. त्यानंतर प्रमाण बदलणं म्हणजे डोक्याला ताप. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं नसतं. मी नव्या नोकरीत, आणि शिव्या अक्कांना. लिहिलं तर सही अडणार. तरी लिहिलं: ‘हे तपासलेलं नाही. न तपासता तसं लिहिलं, चूक माझी.’

अक्कांनी पत्र शांतपणे वाचलं. “वरती मी सगळं तयार म्हणून सांगून बसलेय रे,” एवढंच म्हणाल्या. मग मला घेऊन तडक स्टोअरमध्ये गेल्या.

स्टोअरकीपरनी एका वायरचे दहा मीटर कापून वजनकाट्यावर ठेवले. आकडा जुळेना. मी घेतलेलं प्रमाण नुसत्या तांब्याचं होतं, वरच्या प्लॅस्टिकचं वजन धरलंच नव्हतं. सिस्टिमनं आहे त्याहून जास्त वायर दाखवली असती आणि वायर संपून उत्पादनाची लाइन मध्येच बंद पडली असती. दोन दिवस आम्ही तिघं एकेक जाडी कापत, तोलत, फाइल दुरुस्त करत बसलो. या वेळी प्रत्येक ओळीपुढे स्टोअरकीपरची सही घेतली. तेही बिचारे हसत होते.

शुक्रवारी अक्कांनी पत्र पुढ्यात ओढलं. चूक कबूल केलेली ओळ आता काढू का, मी विचारलं.

“कशाला? राहू दे की.” त्यांनी पेन उघडलं, माझ्या ओळीखाली लिहिलं, ‘तपासल्याचा सहीचा कागद मीही मागितला नव्हता,’ आणि सही केली.