अकराव्या किलोमीटरवरचा वारा

प्रक्षेपण केंद्रात सगळे त्यांना ब्रेकवाल्या ताई म्हणत. रॉकेटला ब्रेक नसतो हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक होतं; पण एकोणतीस वर्षं ही बाई एकच धोशा लावून बसलेली: इंजिनांचा जोर मधे थोडा कमी करा.

धाकट्या बहिणीने एकदा विचारलं होतं, वर जायचंय तर जोर कमी कशाला? भाजी निवडता निवडता ताईंनी सांगितलं, की खाली हवा दाट असते पण रॉकेट हळू असतं. खूप वर वेग प्रचंड, पण हवाच विरळ. मधे एक टप्पा येतो, तिथे वेग बराच वाढलेला आणि हवाही अजून पुरेशी दाट. तिथे हवा अंगावर सर्वांत जास्त दाबते. तेवढ्यापुरतं इंजिन आवरलं की वेग जरा मंद वाढतो, दाब कमी राहतो, आणि तो टप्पा ओलांडला की पुन्हा पूर्ण जोर.

त्या दिवशी उड्डाण दुपारी होतं. सकाळी सोडलेल्या फुग्याने वरच्या वाऱ्याचे आकडे पाठवले आणि ताईंचा चहा टेबलावरच निवला. अकराव्या किलोमीटरपाशी वारा एकदम जोर धरत होता. म्हणजे नेमका दाब कळसाला पोचतानाच रॉकेटला तिरका मारा बसणार. त्यांनी गणित दोनदा केलं. रॉकेटचे दोन भाग जोडणाऱ्या मधल्या सांध्यावर येणारा ताण मर्यादेच्या एकशे सहा टक्के.

उड्डाणाचा प्रमुख त्यांच्याच हाताखाली शिकलेला. ताईंनी मागणी मांडली: जोर बहात्तरऐवजी चौसष्ट टक्क्यांवर आणा, नाहीतर उड्डाण पुढे ढकला. त्याला ते जड गेलं. जोर कमी म्हणजे चढायला वेळ जास्त, तितका वेळ गुरुत्वाकर्षणाशी झगडण्यात इंधन जातं, आणि राखीव साठा आधीच बेताचा.

"ताई, सहा टक्क्यांसाठी एवढं अडून बसायचं?"

"साठा कमी झाला तरी भागेल, मी मोजलंय. सांधा गेला तर साठ्याचं काय करणार? सही हवी असेल तर चौसष्टवरच मिळेल."

प्रमुखाने बराच वेळ आकडे पाहिले आणि होकार दिला. कोणत्या सेकंदाला किती जोर, याचा नवा तक्ता दुसऱ्या चमूने तपासून मगच रॉकेटच्या संगणकात भरला.

उड्डाणानंतर एकाहत्तराव्या सेकंदाला सगळ्यांत मोठा दाब नोंदला गेला. ताण अठ्ठ्याण्णव टक्क्यांपर्यंत चढला आणि उतरला. इंजिनं पुन्हा पूर्ण जोरावर गेली तेव्हा कुठे ताईंनी श्वास सोडला. उपग्रह कक्षेत पोचला; साठ्यात थोडंसं इंधन उरलं होतं.

दुसऱ्या दिवशी प्रमुख त्यांच्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला. जुन्या तक्त्याचं गणित खऱ्या वाऱ्यावर त्याने स्वतः करून पाहिलं होतं. ताण आला असता एकशे नऊ टक्के.

"तुम्ही अडून बसलात ते बरं झालं," तो हळूच म्हणाला.

ताईंनी त्याला समजावत म्हटलं, की पुढच्या वेळी आणखी एक फुगा तासभर उशिरा सोडू द्या, म्हणजे सकाळनंतर वारा वाढला तर तेही कळेल. मग त्यांनी त्याच्यासाठीही चहा सांगितला.