मामा, म्हातारी आणि कापडी मुसकं

मामा यूट्यूबवर कुत्र्यांना शिकवण्याचा चॅनल चालवायचा. कुणी विचारलं, नक्की काय करता, की म्हणायचा, "थांबतो." खोटं नव्हतं. निम्म्या व्हिडिओत तो नुसता फरशीवर बसलेला आणि समोर त्याची कुत्री, म्हातारी नावाची, विचार करत असलेली.

घर चालायचं ते कुत्र्यांचा खाऊ आणि पट्टे विकणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींवर. वर्षाचा करार संपत आला तेव्हा कंपनीचा साहेब नवीन माल घेऊन घरीच आला. कुत्र्याला डॉक्टरकडे नेताना तोंडाला घालायचं कापडी मुसकं.

"एका मिनिटात घालून दाखवा," साहेब म्हणाला. "मग करार पक्का."

मामीनं चहा आणला. तीन चमचे साखर घालून. करार हवाच होता ना.

मामानं कॅमेरा लावला आणि मुसक्याच्या तोंडाशी खाऊ धरला. म्हातारीनं नाक आत घातलं, खाऊ खाल्ला, नाक काढलं. परत तेच. परत तेच. पट्टा अजून बांधलाच नव्हता.

"बांधा की हो!"

"ती स्वतःहून नाक आत ठेवून थांबली, की मग. आज नाही, काही दिवसांनी."

साहेबाला राहवलं नाही. सुटाबुटात खाली बसला आणि मुसकं चढवून पट्टा आवळला. म्हातारीनं शेपूट पोटाखाली घेतली. मामानं कॅमेरा बंद केला, पट्टा सोडला.

"साहेब, यात तिचं तोंडच उघडत नाही. कुत्रं धापा टाकूनच अंग गार करतं. उन्हात, रांगेत हे घालून बसवलं तर जीव जाईल तिचा."

"दिसायला किती सुंदर आहे पण!"

"मग तुम्ही घाला."

मामीनं कपाळाला हात लावला.

मामानं व्हिडिओ केलाच. वर लिहिलं, ही जाहिरात आहे. खाली दाखवलं, हे कापडी घेऊ नका, पिंजऱ्यासारखं जाळीचं घ्या, त्यात जीभ बाहेर येते, पाणीही पिता येतं. असली जाहिरात कंपनीनं जन्मात पाहिली नसेल. करार गेला. मामी आठवडाभर फक्त म्हातारीशी बोलली. "सांग तुझ्या मालकाला, जेवण झालंय."

मग मामा दुपारी पैसे घेऊन लोकांची कुत्री फिरवायला जायचा. जाळीच्या मुसक्याचा व्हिडिओ मात्र त्यानं पुरा केला. शेवटी म्हातारी आपणहून नाक घालून उभी, आणि मामा असा हसतोय की जणू पुरस्कार मिळालाय.

परवा मामा गेला. कंपनीनं श्रद्धांजली टाकली, "आमच्या परिवारातला माणूस." फोटोत मामाच्या हातात तेच कापडी मुसकं, कुणीतरी कॉम्प्युटरवर चिकटवलेलं. सोबत घरी खाऊचं पोतं.

ते घेऊन साहेब स्वतः आला होता. पोतं फोडून मूठभर खाऊ म्हातारीपुढे धरला. तिनं हुंगलं, आणि मामाच्या चपलांवर जाऊन पडली. साहेब पुन्हा पुढे सरकला.

"थांबा जरा," मामी म्हणाली. "तिची इच्छा झाली तर येईल."

साहेब हात तसाच धरून बसला. चांगला तासभर. म्हातारी काही आली नाही.