वरच्या काकांनी सिंगापुरात लावलेला टीव्ही

स्वतःच्या घरात टीव्ही कुणीही लावतो. कोलकात्यात खुर्चीवर बसून सिंगापुरातला टीव्ही लावावा तो आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनीच. बँकेच्या नोकरीत अकरा गावं फिरले, आणि नव्या घरात पहिल्या संध्याकाळी गॅसच्या आधी टीव्ही लागलाच पाहिजे, हा त्यांचा नेम. "घरात चार माणसं बोलल्यासारखं वाटतं हो, मग भिंती परक्या राहत नाहीत," म्हणायचे. बराकपूरच्या क्वार्टरमध्ये पहिल्या दिवशी वीजच नव्हती, तरी यांनी टीव्ही मांडला आणि समोर बसून राहिले! काकू होत्या तेव्हा, त्या नुसत्या कपाळाला हात लावायच्या. पण एकुलती लेक मिनू लग्न होऊन गेली आणि वरून टीव्हीचा आवाज येईनासा झाला.

मिनू आणि जावई सिंगापूरला भाड्याच्या घरात राहायला गेले, त्या पहिल्या संध्याकाळची गोष्ट. तिकडे सात, इथे साडेचार. मी चहा घेऊन वर गेले, तर व्हिडिओ कॉलवर मोहीम चालू. "जावईबापू, पडदा खाली करून टीव्ही रजईवर निजवा. स्टँडच्या पायांवर डावा-उजवा लिहिलंय, ते बघून स्क्रू पिळा. हां, आता उभा करा!" अँटेनाची वायर मागच्या गोल सॉकेटात बसली. मिनूने रिमोट घेऊन चॅनेल शोधायला लावले. सापडले शून्य.

"अँटेना खिडकीत धरा," काका म्हणाले. पुन्हा शून्य. मग गॅलरीत, मग स्टुलावर चढून. बिचारा जावई घामाघूम! आणि प्रत्येक वेळी टीव्ही शोधत असताना बापलेकीच्या गप्पा: भात करपला, शेजारीण हसली, बाबा तुम्ही जेवता ना वेळेवर? मला मात्र स्वच्छ दिसत होतं. शोधाआधी टीव्ही विचारत होता, अँटेना की केबल, आणि मिनू दर वेळी केबल दाबत होती. मग हवेतले चॅनेल सापडतील कसे? मी तोंड उघडलं, तर काकांनी असे डोळे वटारले की मी चहाच पिऊन टाकला.

पाऊण तासाने जावयाचं लक्ष गेलं. "अगं, केबल कसली? आपल्याकडे अँटेना आहे!" त्याने रिमोट हिसकावून अँटेना निवडला, आणि एकेक चॅनेल सापडत गेलं. "लागला, बाबा! ठेवतो हं!" फोन बंद.

"काका, तुम्हाला ठाऊक होतं ना?"

"पहिल्याच वेळी दिसलं होतं. लगेच सांगितलं असतं तर फोन लगेच ठेवला असता," काका म्हणाले. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मोबाइल वाजला. चष्मा सापडेना, म्हणून मलाच वाचायला दिला. मिनूचा मेसेज होता: "बाबा, केबल मी मुद्दाम दाबत होते. ह्यांना सांगू नका."

"गाढव कुठली," काका म्हणाले, आणि उठून त्यांनी आपला टीव्ही लावला. कुठलं चॅनेल लागलं, ते बघितलंसुद्धा नाही.