पालखीच्या फोटोतला कडेचा माणूस

रोह्याच्या दिनानाथला लोक अजून फोटोवाला दिनानाथ म्हणूनच ओळखतात. स्टुडिओ बंद करून अकरा वर्षं झाली, तरी बाजारात कुणी ना कुणी हटकतंच, "माझ्या लग्नात तूच होतास ना रे?" तो होताच. तालुक्यातल्या निम्म्या लग्नांत होता. एका लग्नात नवरदेव रुसून विहिरीच्या काठावर जाऊन बसला. सगळे मिनतवाऱ्या करून थकले. दिनानाथने तिथेच त्याचा असा काही रुबाबदार फोटो काढला, की गडी आपणहून मांडवात परत आला, आणि पहिला प्रश्न काय, तर "कधी मिळेल?" असले किस्से दिनानाथपाशी पोत्याने.

एक गोष्ट मात्र त्याने कधी कुणाला रंगवून सांगितली नाही. ती कान्हूची.

कान्हू म्हणजे त्याचा शाळेपासूनचा जोडीदार. भाताच्या गिरणीत डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, तरी उरलेल्या तीन बोटांनी बासरी वाजवायचा म्हणे. सूर लागायचा नाही तो भाग वेगळा. १९७८ साली बापाशी कडाक्याचं भांडण झालं. त्याला शेतीत राहायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी दिनानाथनेच त्याला सायकलवर डबलसीट घेऊन खांब गावापर्यंत सोडलं. हायवेवर एक ट्रक थांबला. कान्हू मागे चढला. "चार दिवस घरी सांगू नको," म्हणाला, आणि ट्रक वळणावर जाईतो हात वर धरून उभा राहिला. डावा हात. तीन बोटं.

दिनानाथने शब्द पाळला. चार दिवसांनी सांगितलं. तोवर ट्रक कुठला, कुठे गेला, काही थांग लागला नाही. कान्हूची आई पाच वर्षं दारात बसून राहिली आणि त्र्याऐंशी साली गेली. त्यानंतर दिनानाथने जेवढे गर्दीचे फोटो धुतले, तेवढ्या प्रत्येकात, पाण्यातून कागद वर येता येता, तो आधी कडेकडेची माणसं बघायचा. बायको म्हणायची, "नवरी मध्ये असते हो, कडेला काय शोधता?"

२०१९ साली गावच्या वाचनालयाने जुने फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचं काढलं. ग्रंथपाल वत्सला मॅडमनी दिनानाथला बोलावून घेतलं. प्रत्येक फोटोखाली वर्णन लिहायचं होतं, कारण ज्यांना दिसत नाही त्यांना फोन ते वर्णन वाचून दाखवतो. "काका, डोळस माणूस तुमचं वाक्य फोटोशी ताडून बघेल," त्या म्हणाल्या. "ज्याला दिसत नाही, त्याच्यापाशी तुमचं वाक्य हाच फोटो."

दिनानाथने मान डोलावली. मनात म्हणाला, चाळीस वर्षं फोटो काढले, आता लिहायला काय लागतं?

पंचेचाळीस फोटो झकास झाले. सेहेचाळिसावा होता १९८१ च्या पालखीचा. त्याने कडेचा भाग पडद्यावर मोठा केला आणि खुर्चीतच ताठ झाला. उजव्या कडेला एक माणूस. हात वर. तीन बोटं. मानेवरचा केस न् केस उभा राहिला त्याच्या. त्याच भरात त्याने लिहून टाकलं, "उजव्या कडेला हिरव्या चौकटीचा शर्ट घातलेला कान्हू हसत हात हलवतो आहे." फोटो त्याचे, माणसं त्याच्या ओळखीची, म्हणून मॅडमनीही ते तसंच इंटरनेटवर चढवलं.

आठ दिवसांनी पेणहून फोन आला. शांतीबायचा. कान्हूची थोरली बहीण, पेणला दिलेली. नवरा नाही, मुलगा धाटावला कंपनीत, शिफ्टसाठी तिकडेच राहणारा. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला नऊ वर्षं झाली होती. मुलाने फोन शिकवून दिला होता, आणि दुपारी ती माहेरच्या गावचे फोटो ऐकत बसायची.

"दिन्या, एक्क्याऐंशीला तो आला होता?"

दिनानाथने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिरवा शर्ट मीच शिवला होता रे त्याचा. फोनने हिरवा म्हटलं आणि मी तेवढंच दहादा ऐकलं. आई दारात बसून झुरली, आणि हा पालखीला येऊन, हसून, हात हलवून गेला? घरी पाय ठेवला नाय?"

"शांतीबाय, ऐक तर..."

"तू ऐक. माहेरात कुणी उरलं नाय म्हणून आई गेल्यापासून सर्वपित्रीला त्याचं पान मी वाढते. आता अमावास्येला पाच दिवस हायत. मेलेल्याचं पान वाढतात. जो जिता असून आईला भेटला नाय, त्याचं कशाला वाढू? यंदा वाढू का नको, ते तू सांग. तुला दिसलाय तो."

फोन ठेवला तरी तो आवाज कानात राहिला. त्या रात्री दिनानाथला डोळा लागेना. डोळे मिटले की ट्रक वळणावर जाई, आणि हिरव्या बाहीतला तो हात तेवढा मागे हवेत राही.

दुसऱ्या दिवशी फोटोची प्रत घेऊन त्याने जनू न्हाव्याला गाठलं. "जनू, हा कान्हू ना रे?"

"व्हय तर! अगदी तोच!"

दिनानाथला हायसं वाटलं. पण धंद्यात मुरलेला माणूस, काहीतरी खटकलं. तासाभराने तो परत गेला. "जनू, हा सोनाराचा मोरू ना रे?"

"व्हय तर! मोरूच! नाक बघ की!"

नाक दिसतच नव्हतं. मग तो वाचनालयासमोरच्या मैनाच्या चहाच्या टपरीवर गेला आणि या खेपेला नाव-गाव काही न काढता फोटो पुढे केला. "मैना, या कोपऱ्यात तुला काय दिसतं, तेवढं सांग."

मैनाने हात पुसले. "कोणीतरी उभा हाय. अर्धाच हाय."

"हात हलवतोय ना?"

"हलवतोय कुठं? ऊन लागतंय म्हणून आडवा धरलाय. आणि दादा, चष्मा बदला. तोंड कुठं दिसतंय याचं?"

दिनानाथ उठला तो थेट मॅडमच्या टेबलाशी. त्याचं वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, फोटो बघितला, आणि हळूच म्हणाल्या, "काका, फोटो काळापांढरा आहे. हिरवा कुठून आला?"

त्याने फोटो स्वतःकडे ओढून बघितला. हिरवा रंग खांबच्या हायवेवरून आला होता. हसू तिथलंच, हात हलवणंही तिथलंच. फोटोत यातलं काही नव्हतं. आणि तो हिरवा रंगच शांतीबायने पुरावा म्हणून उराशी धरला होता.

घरी येऊन त्याने माळ्यावरचा बिस्किटाचा डबा उतरवला. पाकिटावर त्याच्याच अक्षरात 'पालखी १९८१'. एवढं तरी पक्कं. निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून त्याने भिंग लावलं. वाचनालयातली प्रत नव्वदच्या सुमारास एका प्रदर्शनासाठी स्टुडिओतल्या पोराने काढली होती, आणि कोकणातली ओल त्याआधीच डब्यात शिरली होती. बुरशीने निगेटिव्हचा थर खाल्ला होता, आणि नेमका कुठे, तर त्या हाताच्या कडेला. थर गेला की तिथून उजेड आरपार जातो आणि प्रतीवर काळं उमटतं. हातामागची सावलीही काळीच, म्हणून प्रतीवर डाग वेगळा दिसला नव्हता. तिसऱ्या बोटापलीकडे बोटं होती की नव्हती, हे त्या डागाने गिळलं होतं. त्याने भिंग पुढे-मागे केलं, तीनदा पुसलं. डाग तेवढाच राहिला.

म्हणजे तो कान्हू नव्हता, असंही नाही. हेच तर भयंकर होतं.

घाबरून त्याने नवं वर्णन लिहिलं, आणि त्यात सगळीकडे बहुधा आणि कदाचित पेरून टाकलं. मॅडम वाचता वाचता हसायला लागल्या. "मधोमध बहुधा पालखी असावी? काका, पालखी ढळढळीत दिसतेय ना?"

"दिसतेय."

"मग ती छातीठोक लिहा. जे दिसतं त्यावरही संशय घेतलात, तर खरा संशय कुठला ते ऐकणाऱ्याला कळणार कसं?"

त्या दुपारी चार ओळींना त्याला दोन तास लागले. प्रत्येक शब्द लिहिताना तो स्वतःला विचारायचा, हे मला दिसतंय का मला हवंय?

अमावास्येच्या दिवशी सकाळच्या एसटीने तो पेणला उतरला. गणपती होऊन गेलेले. मूर्तींच्या कारखान्यांची दारं ओढलेली, गल्लीत रंगाचा वास तेवढा उरलेला. शांतीबायच्या घरी वडे तळले होते, खीर झाली होती. पानं मात्र दोनच मांडली होती, आईचं आणि बापाचं.

"वाच," ती म्हणाली.

दिनानाथने कागद उघडला. "काळापांढरा फोटो. साल १९८१, ते फोटोग्राफरने पाकिटावर लिहिलं आहे. मधोमध पालखी, चार जणांच्या खांद्यावर, मागे गर्दी. उजव्या कडेला एक व्यक्ती, फोटोच्या कडेने अर्धी कापलेली. अंगात चौकटीचा शर्ट. रंग कळत नाही. एक हात खांद्याच्या वर उचललेला. कशासाठी ते कळत नाही. चेहरा हललेला आहे, नाक-डोळे दिसत नाहीत. हाताची तीन बोटं दिसतात. उरलेल्या दोन बोटांच्या जागी निगेटिव्ह खराब झाली आहे. तिथे बोटं होती की नव्हती, सांगता येत नाही. फोटोग्राफरला ही व्यक्ती आपल्या हरवलेल्या मित्रासारखी वाटली. हा त्याचा अंदाज आहे. फोटोवरून ओळख पटत नाही."

शांतीबायने कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाली, "हसत नव्हता?"

"मला ठाऊक नाय, बाय. तोंडच दिसत नाय."

"आणि हिरवा?"

"तो माझ्या डोक्यातला. खांबला सोडला तेव्हाचा." आणि एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने ती दुपार तिला सबंध सांगितली. चार दिवस तोंड बंद ठेवलं तेही.

"तुला मेल्या..." ती म्हणाली. पदराने डोळे टिपले. भिंतीला धरून उठली आणि केळीचं तिसरं पान घेतलं. वरण, भात, वडे, खीर, सगळं हाताने चाचपत वाढलं. कावळ्यासाठीची आईबापाची वाडी तिने दिनानाथकडून कौलांवर ठेवून घेतली. कावळा लगेच आला.

कान्हूचं पान मात्र तिने बाहेर दिलं नाही. आत, उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि वर परात पालथी घातली. कुणी उशिरा घरी यायचं असलं की झाकून ठेवतात ना, तसं.

"मेला म्हणून नाय वाढलं," ती म्हणाली. "येईल म्हणून पण नाय. मला कळत नाय, म्हणून वाढलं."

दिनानाथ जेवला. सातची एसटी होती. उठला तेव्हा घरात अंधारून आलं होतं, आणि उंबऱ्याशी परातीच्या कडा तेवढ्या चमकत होत्या. शांतीबायने तिकडे तोंड वळवलं.

"दिन्या, मघाशी परात वाजल्यासारखं वाटलं. बघ रे, हललीय का?"

त्यानेही काहीतरी ऐकलं होतं. तो वाकला, नीट बघितलं, आणि अंगावर आलेला काटा आवाजात येऊ न देता म्हणाला, "परात जागच्या जागी हाय, बाय. आत काय हाय, ते मला दिसत नाय."