अंग भरलंय म्हणे

त्या घरात मला कुणी कधी ‘बसा’ म्हणालं नाही. मी उपकेंद्राची नर्स, कुंभार पिंपळगावच्या आसपासची चार गावं माझ्याकडे. गरोदर बायांची तपासणी, लसी, बाळंतपणं, सगळं मीच बघायचे. नव्वदीची मधली वर्षं होती. बाकीच्या घरांत चहा नको म्हणता म्हणता जीव जायचा. या एका घरात मात्र मी अंगणात पाय ठेवला की घरातली म्हातारी आत जाऊन दार लोटून घ्यायची.

तिचा राग खोटा नव्हता, हे आधीच सांगते. तिच्या थोरल्या सुनेला दोन मुली झाल्या आणि ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "बाई, माझं ऑपरेशन करून टाका." त्या वर्षी आमच्यावर ऑपरेशनच्या टार्गेटचा डोंगर होता. मी तिच्या नवऱ्याची सही घेतली आणि तिला शिबिराला नेलं. सासूला विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. पण विचारलं असतं तर टार्गेट एकाने कमी झालं असतं, हेही तेव्हा माझ्या मनात होतं. म्हातारीला कळलं तेव्हा ती बाजारात, भर गर्दीत माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "माझ्या घराची वेल तोडली तुमी." मीही काहीतरी लागेल असंच बोलले. तेव्हापासून आमचं वैर.

दोन वर्षांनी धाकट्या मुलाचं लग्न झालं. सून एकोणीस-वीसची, शहागडकडची, किरकोळ अंगाची. तिला दिवस गेले तेव्हा थोरली जाऊ तिला गुपचूप माझ्याकडे घेऊन आली. पाचव्या महिन्यात तिचं बीपी एकशे दहा-सत्तर होतं. सगळं ठीक होतं.

आठव्या महिन्यात ती आली ती चपला हातात घेऊन. पायात जात नव्हत्या. आठव्यात पाय थोडे सुजतातच, त्याचं मला काही वाटलं नाही. पण तिचा चेहराही फुगला होता. बोटातली अंगठी मांसात रुतली होती. वजन महिनाभरात फारच वाढलं होतं. बीपी एकशे पन्नास-शंभर. मी तिला डाव्या कुशीवर पडायला लावलं आणि तासाभराने पुन्हा मोजलं. तेवढंच. मग लघवी मागितली. परीक्षानळीत घेऊन स्पिरिटच्या दिव्यावर वरचा भाग तापवला, तसं ते गढूळलं. अॅसिटिक अॅसिडचे दोन-तीन थेंब टाकले. निवळलं असतं तर काही नव्हतं. निवळलं नाही, उलट पांढरे कण दाटले. लघवीतून प्रथिनं जात होती.

या दुखण्याचा मला राग येतो तो यासाठी, की ते सुरुवातीला दुखत नाही. बाई हिंडते-फिरते, कापूस वेचते, आणि आत रक्ताचा दाब चढत असतो. तो मेंदूवर जातो, मूत्रपिंडावर, यकृतावर, वारेतून बाळाला जाणारं रक्त कमी होतं. म्हणून मोजत राहावं लागतं. मोजल्याशिवाय कळत नाही.

मी तिला दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दाबाच्या गोळ्या दिल्या, आराम सांगितला, आणि आठवड्यातून दोनदा मोजायला सांगितलं. "डोकं दुखलं, डोळ्यांपुढं चमकलं, वरच्या पोटात दुखलं, तर थांबायचं नाही. थेट जालना," ते म्हणाले. मी तिला ते पाठ करायला लावलं.

आठवड्यातून दोनदा म्हणजे मला त्या घरी जाणं आलं. कापसाच्या वेचणीचे दिवस होते. पहिल्या खेपेला म्हातारी दारातच उभी.

"काय काम हाय?"

"सुनेचं बीपी मोजायचंय. तिला आराम पाहिजे. वेचणीला पाठवू नका."

"आम्ही काय वावरात बाळंत झालो न्हाई? अंग भरलंय तिचं. पोरगा हाय. पोरगा असला की बाई अशीच भरती."

"हे भरणं नाही, ही सूज आहे. लघवीत सापडलंय."

"लघवी तापवून पोरं कळतेत का तुमाला?" ती हसली. मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "एकीचं पोट शिवलं, आता हिचं रिकामं करून राह्यल्या. बिलकुल पाय ठेवू नका."

मी ठेवला. तिला बाजूला सारून आत गेले आणि मोजलं. पुढच्या दोन आठवड्यांत प्रत्येक खेपेला हेच. एकदा तिने कुत्रं सोडलं. एकदा मी अंगणात उभी राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले की ही बाई मेली तर मी तुमचं नाव कागदावर लिहीन. असं बोलायला नको होतं. त्याच दिवशी म्हातारीने गोळ्याच फेकून दिल्या, हे मला नंतर कळलं.

मंगळवारी दुपारी थोरली सून धावत उपकेंद्रात आली. धापा टाकत म्हणाली, "बाई, तिचं डोकं कालपासून दुखून राह्यलंय. सकाळी दोनदा उलटी झाली. डोळ्यांपुढं काजवे दिसतेत म्हणती. छातीखाली, इथं, दुखतंय. आत्याबाई म्हणतेत पित्त हाय."

मी पिशवी उचलली. धाकटी खाटेवर पडली होती, कपाळाला फडकं आवळलेलं. उजेड नको म्हणून तोंड भिंतीकडे. बीपी एकशे ऐंशी-एकशे वीस. खात्रीसाठी मी दोनदा मोजलं.

"उठा, जालन्याला न्यायचंय. आत्ता."

"कुठंच न्यायचं न्हाई," म्हातारी दारात आडवी झाली. "पोरगं वावरात गेलंय. त्याला विचारल्याबिगर माझी सून घराबाहेर जात न्हाई."

"त्याला विचारेपर्यंत हिला झटके येतील."

"तुमच्या तोंडानं येतील."

मी तिच्याशी भांडण्यात आणखी वेळ घालवला नाही. थोरलीला वावराकडे पिटाळलं आणि स्वतः रस्त्यावर गेले. घनसावंगीकडे जाणारी काळी-पिवळी जीप भरून आली होती. मी आडवी उभी राहिले. ड्रायव्हर शिव्या देऊ लागला, उतारूही. "बाई मरतीय," एवढंच मी ओरडले. मागच्या बाकावरचे लोक उतरले, काही जण अजूनही बोलत होते. दोघांना तर मी दंडाला धरून उतरवलं.

जीप दारात आली तोवर नवरा धावत पोचला होता. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा बायकोच्या तोंडाकडे, आणि तिला उचललं. म्हातारी शिव्या देतच आमच्यात येऊन बसली. मला वाटतं, मला एकटीला सून द्यायची नाही म्हणून आली.

घनसावंगीच्या अलीकडे तिला झटका आला. आधी नजर एका जागी थिजली, मग जबडा आवळला, अंग लाकडासारखं ताठ झालं आणि हातपाय जोरात उडायला लागले. नवरा ओरडला. म्हातारीने पायातली चप्पल काढली आणि तिच्या नाकाशी धरली. दुसऱ्या हाताने तिच्या दातांत किल्ली घालायला लागली.

मी म्हातारीच्या हातावर फाडकन मारलं. किल्ली खाली पडली.

"तोंडात काही घालू नका! डाव्या कुशीवर धरा!" मी नवऱ्याला सांगितलं. आम्ही तिला कुशीवर वळवलं. तोंडातला फेस आणि रक्त मी पदराने पुसत राहिले, म्हणजे ते श्वासात जाऊ नये. जीभ चावली होती. तिला दाबून धरलं नाही, फक्त बाकावरून पडू दिलं नाही. मिनिटाभरात झटके थांबले आणि ती घोरायला लागली. ते मिनिट लई मोठं होतं.

"लागिर झालंय," म्हातारी पुटपुटली.

"बीपी झालंय," मी म्हणाले. "आणि गोळ्या कुठायत?"

नवऱ्याने आईकडे पाहिलं, तिने बाहेर.

वाटेतल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर भेटले. त्यांनी झटक्यांसाठी मॅग्नेशियमचं इंजेक्शन दिलं, लघवीची नळी घातली, दाबाचं औषध दिलं, चिठ्ठी लिहिली आणि त्यांच्याच गाडीतून पुढे पाठवलं. जालन्याच्या डॉक्टरीणबाई आमच्यावरच ओरडल्या. इतका उशीर का, गोळ्या चालू का नाहीत. मी ऐकून घेतलं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "या आजाराला खरा उपाय एकच, बाळंतपण. दाब आवरला की सिझर करायचं. बाळ पुरत्या दिवसांचं नाही, पण आत ठेवलं तर दोघंही जातील. सही करा."

त्याने सही केली. मुलगी झाली. पावणेदोन किलोची, रडली मात्र लगेच. काचेच्या पेटीत ठेवली.

म्हातारीने पेटीकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. "एवढा तमाशा करून पोरगी," ती म्हणाली. तेवढ्यावर माझ्या तोंडून काय निघालं ते मी इथं लिहीत नाही.

भांडण तिथंही संपलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हातारी सुट्टी मागायला लागली. बाळंतपण झालं, आता काय राहिलं? तिथल्या नर्सने सांगितलं, दाब अजून एकशे साठ आहे, बाळ बाहेर आल्यावरही झटके येऊ शकतात, पहिले काही दिवस फार जपायचे असतात. म्हातारीला वाटलं ही मी शिकवलेली. मी तेव्हा गावाकडे परत निघाले होते. नवऱ्याने पहिल्यांदाच आईसमोर आवाज चढवला आणि बायको दाब उतरेपर्यंत तिथंच राहिली. असं मला थोरलीकडून कळलं.

महिन्याभराने तालुक्याहून मला पत्र आलं. माझ्याविरुद्ध अर्ज होता. म्हातारीला मारलं, उतारूंना जीपमधून ओढून काढलं, घरात जबरदस्तीने शिरले. तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मी लेखी तसंच कबूल केलं आणि खाली आठव्या महिन्यातल्या पहिल्या आणि त्या मंगळवारच्या बीपीचे आकडे लिहिले. साहेबांनी समज दिली आणि फाइल बंद केली. समज दिल्याचा मला आजही राग आहे.

म्हातारी पुढे कधी माझ्याशी बोलली नाही. रस्त्यात दिसले की थुंकायची. मी पदर सावरून निघून जायचे आणि मनात तिला सोडायचे नाही. मुलगी जगली. आजीच्या कडेवर मी तिला पाहिलं, पण माझी चाहूल लागताच म्हातारी तिला घेऊन आत गेली.

तीन वर्षांनी धाकटी सून एकटी उपकेंद्रात आली. दारातूनच म्हणाली, "तिसरा महिना लागलाय. तुमच्यापायी माझ्या सासूनं मला वर्षभर धड घास खाऊ दिला न्हाई, ठाऊक हाय का तुमाला?"

"ठाऊक नव्हतं."

"आता हाय." ती स्टुलावर बसली आणि बाही वर केली. "पहिल्यांदा झालं त्याला दुसऱ्यांदा व्हायची भीती जास्त असती म्हणं. जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्यात. मोजा."

मी पट्टा गुंडाळला. एकशे वीस-ऐंशी होतं. कागदावर लिहून तिला दाखवलं, सातव्यानंतर मला रोज यावं लागलं तरी मी येईन म्हणून सांगितलं.

"घरी येऊ नका," ती म्हणाली. "मीच येत जाईन."

आणि पुढचे सहा महिने ती पायी येत राहिली. एकदाही हसली नाही.