रंजिताताईच्या हाताखालून गेलेला मेल

आमच्या वर्ध्याच्या ऑफिसात रंजिताताईच्या तोंडाला लागायची कोणाची टाप नाही. सेलूहून रोज एसटीने येते, आणि येता येता सुट्ट्या पैशांवरून कंडक्टरला नाहीतर वांग्यांवरून एखाद्या भाजीवाल्याला सोलून काढल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. अशा बाईच्या हातचा मेल मात्र मडक्यातल्या पाण्यासारखा थंड असतो. हे कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही.

आमची कंपनी भाजीपाल्यासाठी कोल्ड रूम बसवून देते. मी वैभव. तक्रारी घ्यायच्या, टेक्निशियन पाठवायचा, हे माझं काम. रंजिताताई ग्राहकांचे करार पाहते, आणि कोणी सांगितलेलं नसताना अख्ख्या ऑफिसचे इंग्रजी मेलही पाहते.

नाचणगावच्या कुसुमबाईंनी गावातल्या बायांचा भाजीचा गट केला. फुलकोबी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, सगळं आम्ही बसवलेल्या कोल्ड रूममध्ये ठेवायचं आणि पुलगावच्या बाजारात ताजं न्यायचं. बाया तयार नव्हत्या, कुसुमबाईंनी आपल्या शब्दावर त्यांना तयार केलं. आणि एप्रिल लागला तशी खोली थंड ठेवणारी मशीन बंद पडायला लागली. मी टेक्निशियन पाठवायचा, तो मशीन चालू करून तक्रार बंद करायचा, आणि कुसुमबाईंच्या मोबाइलवर संदेश यायचा, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ की पुन्हा मशीन बंद! पुन्हा नवी तक्रार, नवा नंबर.

गटात कुजबुज सुरू झाली. कंपनी म्हणते सुधरली, कुसुम म्हणते बिघडली, मग खोटं कोण बोलून राह्यलं? रविवारी बैठक ठरली, कुसुमबाईंना अध्यक्षपदावरून काढायची. त्यांचा मला फोन आला.

“मशीनचं जाऊ दे भाऊ,” त्या म्हणाल्या, “पण मले खोटी नोका पाडू.”

माझं डोकं फिरलं. टेक्निशियन ज्यांच्या हाताखाली आहेत त्या पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या सीनियर मॅनेजर बर्वे सरांना मी थेट मेल लिहायला घेतला. तुमची टीम झोपली आहे, तुमचा टेक्निशियन थापाड्या आहे, बाया रडताहेत, कंपनीची लाज जाते आहे. इंग्रजीत लिहिताना तर मला आणखीच जोर चढतो.

“पाठवला का?” मागून रंजिताताईचा आवाज. “नाई ना? मंग सरक तिथून.”

तिची एक रीत आहे. आधी माणसाला सगळं बोलू द्यायचं. ती शेंगदाणे खात बसली आणि मी पुणे, बर्वे, टेक्निशियन, सगळ्यांचा उद्धार केला. मला सुचल्या नाहीत अशा दोन शिव्या तिने आपल्या पदरच्या घातल्या. माझा दम संपला तेव्हा म्हणाली, “झालं? आता जे उरलं ते लिवू.”

मग मेल वाचला आणि हसायलाच लागली. “अरे, तुह्या मेलमधे सगळं एकाच वेळी होऊन राह्यलं! मशीन बंद पडून राह्यली, मानूस येऊन राह्यला, बाया रडून राह्यल्या, तू चिडून राह्यला. बर्व्यानं काय समजावं? जे होऊन गेलं ते झालं म्हण. जे आजही चालू हाये ते चालू म्हण. अन् जे व्हावं वाटते ते शेवटी माग.”

एकेक वाक्य ती निवडू लागली, तांदूळ निवडावेत तशी. ‘तुमची टीम झोपली आहे’ याचं झालं, ‘आधीच्या दोन मेलना अजून उत्तर मिळालेलं नाही.’ ‘टेक्निशियन थापाड्या आहे’ याचं झालं, ‘टेक्निशियन सकाळी आला, त्याने मशीन चालू केली आणि तो गेला तेव्हा ती चालू होती.’

“ताई, हे तर त्याच्याच बाजूचं झालं!”

“खरं हाय का नाई?”

खरं होतं. आणि ते खरं, झाल्या क्रमाने एकाखाली एक आलं, तेव्हा मला एक गोष्ट दिसली. प्रत्येक वेळी तो सकाळी गेला होता. प्रत्येक वेळी मशीन दुपारी बंद पडली होती. पुण्याला स्क्रीनवर चार वेगळ्या तक्रारी दिसत होत्या, चारही सोडवलेल्या. मुळात ती एकच तक्रार होती आणि ती कधीच सुटली नव्हती. मी महिनाभर बोंबलत होतो, पण हे माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

मला वाटलं, झालं. पण तिने कुसुमबाईंना फोन लावला आणि अख्खा मेल आपल्या बोलीत वाचून दाखवला. ज्याच्या वतीने मेल जातो त्याला ऐकवल्याशिवाय ती पाठवत नाही.

“काकू, यात खोटं काई हाय का सांगा.”

“एक हाय पोरी. ‘मशीन बंद आहे’ म्हनतं तू. आता चालू हाये. दुपारी त्या मागच्या भिंतीपाशी उभं राह्यवत नाई, भट्टीवानी झळ येते. तवा बंद पडते.”

मी खोली बसवतानाचे फोटो उघडले. मशीनचा बाहेरचा भाग भिंत आणि टिनाच्या शेडच्या मधे कोंबला होता. गरम हवेला वाटच नाही. दाब वाढला की मशीन स्वतःला वाचवायला बंद होते. टेक्निशियन ती पुन्हा चालू करू शकतो, जागा बदलू शकत नाही. त्याला बर्वे सरांचीच मंजुरी लागते. नेमकं काय मागायचं ते आता सापडलं होतं: मंजुरी द्या, चारही तक्रारी एक करा, आणि कुसुमबाई म्हणतील तेव्हाच ती बंद करा.

शेवटी तरी एक ठसकेबाज वाक्य राहू दे म्हणून मी हट्ट धरला. “नाहीतर ग्राहक गमवाल, एवढं तरी!”

तिने तेही खोडलं. “कोपऱ्यात धरलं का मानूस काम सोडून स्वतःलेच वाचवत बसते. त्याले काम करू दे.” आणि तिथे तिने स्वतःचं वाक्य टाकलं: ‘कुसुमबाईंनी प्रत्येक वेळी हीच तक्रार केली आहे आणि प्रत्येक वेळी ती खरी होती.’

एक शिवी नाही, एक उद्गारचिन्ह नाही. पण ते वाचून मला भीतीच वाटली, देवळात शिरल्यावर वाटते तशी. माझ्या आधीच्या मेलना महिनाभर कोणी हुंगलं नव्हतं. या मेलला बर्वे सरांचं उत्तर संध्याकाळच्या आत आलं. सगळ्या मागण्या मान्य.

शनिवारी माणसं आली आणि बाहेरचा भाग मोकळ्या बाजूला हलवून गेली. रविवारी मी मुद्दाम नाचणगावला गेलो. रखरखीत दुपार होती आणि खोलीसमोर सतरंजीवर बाया बसल्या होत्या. कुसुमबाई एका कडेला उभ्याच होत्या, त्यांना कोणी बस म्हटलं नव्हतं. मशीन चालू होती.

“आज चालते, उद्याचं काय?” भागीरथाबाई म्हणाल्या. कुसुमबाईंविरुद्ध सगळ्यात जास्त बोलणाऱ्या त्याच.

तेवढ्यात कुसुमबाईंचा फोन वाजला. पुण्याचा होता. त्यांनी स्पीकर लावला.

“मॅडम, काम पूर्ण झालं आहे. तुमची परवानगी असेल तर तक्रार बंद करू का?”

कुसुमबाईंनी पदर सावरला. “नोका करू. आठ दिवस आमी दुपारी पाहू. मंग मी सांगीन.”

“ठीक आहे मॅडम. तुम्ही सांगाल तेव्हाच.”

फोन बंद झाला. मग भागीरथाबाईंनी शेजारणीला कोपर मारलं.

“सरक वं तिकडे. कुसुमले बसू दे.”